मडकं कुणी फोडलं?



आजचा विषय छोट्या पोरांच्या खोटं बोलण्याचा आहे. पहिली-दुसरीतलं लेकरू वर्गात खोटं बोललं, बाईंनी घरी निरोप धाडला, तर आपण काय करायचं? बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर पाठीत धपाटा बसतो, नाहीतर ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट सांगितली जाते. धपाट्याचं पुढं बोलू. आधी गोष्टीचं बोलू, कारण गोष्ट कोणती निवडली यावर बरंच अवलंबून असतं.

एक प्रसंग धरून चालू. नाव कुणाचंच नको, अशी पोर कुठल्याही वर्गात असू शकते. दुसरीतली सात वर्षांची मुलगी आहे. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं तेलखडूंची नवी पेटी आणली. मधल्या सुट्टीत ती पेटी हिच्या दप्तरात गेली. चित्रकलेच्या तासाला हिनं ती बाहेर काढली, तोवर त्यातले दोन खडू मोडले होते. मैत्रीण रडायला लागली. बाईंनी विचारलं तर ही म्हणाली, “माझीच हाय. मामानं वडूजच्या बाजारातनं आणली.” बाईंनी पेटी उलटी केली. खाली मैत्रिणीचं नाव लिहिलेलं होतं.

आता बाईंच्या आणि घरी आईच्या मनात पहिला विचार येतो, की एवढीशी पोर आणि इतकं सफाईनं खोटं बोलते, पुढं काय करेल? म्हणून सांगते, आधी शांत व्हा. साधारण तीन-चार वर्षांच्या पुढं बहुतेक सगळी मुलं कधी ना कधी खोटं बोलतात. ‘मला जे ठाऊक आहे ते बाईंना ठाऊक नाही’ हे कळायला लागलं, की खोटं बोलून बघायची बुद्धी सुचते. म्हणजे ही वाढत्या डोक्याची खूण आहे, वाईट संस्काराची नाही. आणि नीट ऐकलं तर त्या खोट्यात तिची एक इच्छाही दिसते. मामानं आपल्यालाही अशी पेटी आणावी, असं तिला वाटतंय. इच्छा समजून घ्यायची, पण खोटं तसंच सोडून द्यायचं नाही. दोन्ही एकदम करता येतं.

पहिली गोष्ट अशी, की आपल्याला उत्तर ठाऊक असेल तेव्हा ‘तू घेतलीस का?’ असं विचारायचं नाही. सगळ्या वर्गापुढं असं विचारलं की लेकराला एकच वाट दिसते, ती म्हणजे ‘न्हाई’ म्हणायची. मग पहिलं खोटं झाकायला दुसरं येतं आणि दुसरं झाकायला तिसरं. त्यापेक्षा जे दिसतंय ते सांगावं. “ही पेटी तिची आहे, खाली तिचं नाव आहे. दोन खडू मोडलेत. काय झालं ते मला उद्या सकाळी निवांत सांग.” एवढं बोलून पेटी जिची तिला द्यावी आणि तास पुढं चालू करावा. ‘चोर’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. वर्गात एकदा नाव पडलं की ते चौथीपर्यंत पुसत नाही.

आता गोष्ट. कॅनडातल्या संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर एक खेळ केला होता. त्यांचं काम २०१४ साली छापून आलं. मुलाच्या पाठीमागं एक खेळणं ठेवायचं, त्याचा आवाज ऐकून ते काय आहे ते ओळखायचं. मधेच बाई म्हणायच्या, “मी जरा बाहेर जाऊन येते, वळून बघायचं नाही.” छोट्या मुलांना कुठला दम निघतो! पुष्कळ जण वळून बघायचे. बाई परत आल्या, की मुलाला एक गोष्ट वाचून दाखवायच्या आणि मग विचारायच्या, “वळून बघितलंस का? खरं सांग.” काही मुलांना लांडगा आला रे आलाची गोष्ट सांगितली, काहींना खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याची सांगितली. आणि काहींना अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत मुलगा वडलांचं आवडतं झाड तोडतो, मग खरं सांगतो, आणि वडील म्हणतात, तू खरं बोललास याचा मला आनंद झाला.

कुठल्या गोष्टीनंतर मुलं जास्त खरं बोलली असतील? लांडग्याच्या गोष्टीचा काही उपयोग झाला नाही. लांब नाकाच्या गोष्टीचाही झाला नाही. झाडाच्या गोष्टीनं फरक पडला. मग त्यांनी त्याच झाडाच्या गोष्टीचा शेवट बदलून वाईट करून बघितला, तेव्हा तिचाही उपयोग गेला. म्हणजे खोटं बोलण्याचं वाईट फळ दाखवून छोटं लेकरू खरं बोलायला लागत नाही. खरं बोलल्यावर समोरचं माणूस आपल्याला जवळ घेतं, हे गोष्टीत दिसलं, तर त्याचा धीर होतो. याला मर्यादाही आहे. हा एका खेळापुरता, गोष्ट ऐकल्या ऐकल्या बघितलेला फरक आहे. एका गोष्टीनं पोर जन्मभर खरं बोलेल, असा त्याचा अर्थ काढू नये. पण गोष्ट कशी निवडावी, हे त्यातून नक्की कळतं.

या नजरेनं आपल्या घरच्या गोष्टी बघा. राजा हरिश्चंद्राची गोष्ट मोठी आहे, पण राज्य गेलं, बायको-मुलगा विकावा लागला, हे सात वर्षांच्या पोरीनं ऐकलं तर तिच्या हाती काय लागेल? खरं बोललं की सगळं जातं, असंच तिला वाटायची भीती आहे. ती गोष्ट पाचवी-सहावीनंतर ठेवावी. टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण ती न केलेल्या चुकीची शिक्षा न घेण्याची गोष्ट आहे. ती आपण मोठ्यांनीच आठवावी, पुरावा नसताना पोरावर आळ घेऊ नये म्हणून. वर्गातल्या खोट्याला अगदी जवळची आहे ती गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट. ते लहानपणी कागलला शिकले. त्यांच्या शाळेच्या दिवसांची गोष्ट अशी सांगतात, की गुरुजींनी घरी करायला दिलेली गणितं एकट्या गोपाळचीच बरोबर आली. गुरुजींनी शाबासकी दिली, तसा तो रडायला लागला आणि म्हणाला, मी दुसऱ्याची मदत घेतली होती. गुरुजी रागावले नाहीत, उलट त्याच्या खरेपणाचं कौतुक केलं. तिसरी-चौथीच्या मुलांना ही गोष्ट छान कळते.

त्याहून छोट्यांसाठी मी एक साधी गोष्ट सांगते. ती ऐका आणि आपल्या घरच्यासारखी करून सांगा.

एका वस्तीवर आज्जी आणि तिची नात राहायची. घरात एक मांजर होतं. आज्जीनं पाणी गार राहावं म्हणून नवं मडकं आणलं होतं. आज्जी रानात गेली, तशी नातीनं घरात दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. दोरीचा फटका मडक्याला बसला आणि फट्कन मडकं फुटलं. घरभर पाणी झालं. आज्जी आली. तिनं विचारलं, “मडकं कुणी फोडलं गं?” नातीच्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, “मांजरानं.” आज्जी मांजराला म्हणाली, “मग आज तुला दूध न्हाई. आज बाहेरच झोप.” दार लावलं. रात्र झाली. बाहेर मांजर ओरडतंय, म्याँव, म्याँव. नात कूस बदलतीय. तिला वाटलं, त्यानं तर काहीच केलं नाही. ती उठली, आज्जीच्या अंथरुणाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “आज्जे, मांजरानं न्हाई फोडलं. मी फोडलं.” आज्जी उठून बसली. नातीला वाटलं, आता रागावणार. आज्जीनं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, “मडकं गेलं त्याचं वाईट वाटलं बघ. पण तू खरं सांगितलंस, तर माझा जीव निवला. जा, आधी मांजराला आत घे.” नातीनं दार उघडलं. मांजराला तिनं आपल्या वाटणीचं दूध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून खापऱ्या वेचल्या. मोठ्या खापऱ्या तुळशीच्या कुंडीच्या तळाला घातल्या. एक गुळगुळीत खापरी आज्जीनं नातीला ठिक्कर खेळायला दिली. आणि नवं मडकं आलं, तेव्हा ते उचलून ठेवायला आज्जीनं नातीलाच हाक मारली.

संपली गोष्ट. यातल्या तीन जागा गाळू नका. खोट्याचा त्रास कुणाला झाला? मांजराला, ज्याचा काही दोष नव्हता. खरं बोलल्यावर आज्जीनं आधी काय केलं? जवळ घेतलं. आणि मग सगळं सोडून दिलं का? नाही, खापऱ्या वेचाव्या लागल्या, वाटणीचं दूध द्यावं लागलं.

गोष्ट सांगायची पद्धतही महत्त्वाची आहे. पेटीच्या प्रसंगानंतर बाईंनी त्याच दिवशी शाळा सुटायच्या आधी ही गोष्ट सगळ्या वर्गाला सांगावी. त्या मुलीकडं बघत सांगू नये. मुद्दाम तेलखडूंची गोष्ट रचू नये, नाहीतर वर्ग वळून तिच्याकडंच बघेल. शेवटी ‘तात्पर्य काय?’ असं विचारलं, की मुलं पाठ केलेलं वाक्य म्हणतात आणि मोकळी होतात. त्याऐवजी विचारावं, “बाहेर मांजराला कसं वाटलं असेल? नातीला झोप का येईना? आज्जी रागावली असती, तर पुढच्या वेळी नात काय म्हणाली असती?” या शेवटच्या प्रश्नाला मुलं फार खरी उत्तरं देतात. एखादं म्हणतं, “मग ती कुत्र्याचं नाव सांगेल.” आपल्याला जे शिकवायचं ते त्यांनी स्वतःच शोधलेलं असतं.

आता दुसरा दिवस. शाळा भरायच्या आधी बाईंनी त्या मुलीला एकटीला जवळ बसवावं. प्रश्नांचा भडिमार नको. “काल पेटीचं काय झालं, ते मला सांगशील?” एवढंच म्हणून थांबावं. हे थांबणं अवघड असतं. एक-दोन मिनिटं शांतता गेली तरी जाऊ द्यावी. तिनं “मी घेतली” म्हटलं, की पहिलं वाक्य तिच्या खरेपणाबद्दल असावं. “खरं सांगितलंस, बरं केलंस. सांगायला अवघड गेलं असेल.” त्या वाक्याला ‘पण’ जोडू नये. जरा थांबून मग चूक दुरुस्त करायचं बोलावं.

दुरुस्ती म्हणजे जे मोडलं ते सांधायचं. दोन खडू मोडलेत. हिच्याकडं खडू असतील तर त्यातले दोन द्यावेत. नसतील, आणि बहुधा नसतातच, म्हणून तर पेटी उचलली, तर मोडक्या खडूंचे तुकडे जोडून त्याभोवती कागदाची पट्टी डिंकानं गुंडाळून द्यावी. हे काम सात वर्षांच्या हातांना जमतं. मग मैत्रिणीकडं जाऊन सांगावं, “पेटी मी घेतली हुती. खडू माझ्याकडनं मोडले. हे जोडून आणलेत.” हेही वर्गापुढं नको, दोघी आणि बाई एवढंच. उठाबशा, कोपऱ्यात उभं करणं, शंभर वेळा लिहायला लावणं, याचा पेटीशी काही संबंध नसतो. त्यातून पोर फक्त शिक्षा सोसायला शिकते. दुरुस्ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपावी. आठवडाभर लांबवली, तर कशाबद्दल चाललंय हेच छोटी विसरून जाते.

जिची पेटी होती, तिचाही विचार करायचा. ‘आता गट्टी करा, हात मिळवा’ अशी तिच्यावर सक्ती नको. तिला राग आलाय, तिचं नुकसान झालंय. ती दोन दिवस बोलली नाही तरी चालेल. माफी मनातून यायला वेळ लागतो, मोठ्यांनाही लागतो.

मोठ्यांची माफी मात्र त्याच दिवशी पुरी व्हावी. म्हणजे काय? तर विषय मिटला. पुढच्या आठवड्यात कुणाची पेन्सिल हरवली, तर पहिली नजर हिच्याकडं जाऊ नये. पाहुण्यांपुढं, हळदीकुंकवाला, ‘आमच्या हिनं काय केलं ठाऊक हाय का’ असं हसत हसतसुद्धा सांगू नये. आज्जीनं नव्या मडक्याला हात लावायला नातीलाच बोलावलं, तसं बाईंनी दोन-चार दिवसांनी खडू वाटायचं काम हिच्याकडं द्यावं. बाईंचा आपल्यावर विश्वास आहे, हे तिला त्या कामातून कळतं.

आता धपाट्याचं. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर तोच वळून बघायचा खेळ झाला होता. ते २०११ साली छापून आलं. एका शाळेत छडी, चापट, चिमटे चालायचे, दुसरीत चालत नव्हते. न मारणाऱ्या शाळेत वळून बघितलेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं खोटं बोलली. मारणाऱ्या शाळेत जवळजवळ सगळीच बोलली, आणि खोटं टिकवून ठेवण्यातही ती जास्त तरबेज होती. मारानं खोटं थांबत नाही, ते सफाईदार होतं. शाळेत मारायला आणि मुलाचा मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी आहे. घरातल्या माराला मात्र आपणच आवर घालायचा. म्हणून बाईंनी आईला निरोप देताना दुरुस्ती झाल्यावर द्यावा आणि पुढचं वाक्यही सोबत द्यावं, “तिनं स्वतःहून खरं सांगितलंय, तुम्ही आता तिला बोलू नका.”

यात कुठं चुकतं, तेही सांगते. “खरं सांग, मी काही करणार नाही,” असं म्हणून खरं काढून घ्यायचं आणि मग मारायचं, ही सगळ्यांत मोठी चूक. तो शब्द एकदा मोडला, की पुढच्या वेळी पोर गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा असं म्हणावं, “खरं सांग, मी मारणार नाही. चूक झाली असेल तर आपण मिळून दुरुस्त करू.” याच्या उलट चूकही होते. खरं बोलली म्हणून सगळंच माफ, दुरुस्तीसुद्धा नाही. मग पोर शिकते, की ‘मी घेतलं’ एवढं म्हटलं की सुटका. तोंडानं पटकन कबूल करते आणि हात पुन्हा दप्तरात जातो, असं दिसलं तर समजा, की खापऱ्या वेचायच्या राहिल्या.

आणि गोष्ट ऐकूनही ती कबूल झाली नाही तर? पेटीवर नाव आहे, आपल्याला ठाऊक आहे, तर कबुलीसाठी अडून बसू नका. “तुला आज सांगायला जमत नाही असं दिसतंय. खडू मात्र जोडून द्यायचे आहेत, चल, मी मदत करते,” असं म्हणून कामाला लागा. पुष्कळदा डिंक लावता लावताच खरं बाहेर पडतं. आणि पुरावा नसेल, तर आळ घेऊ नका.

मूल पुन्हा पुन्हा खोटं बोलत असेल, तर त्याच्या खोट्याच्या मागं जाऊन बघा. ‘वही घरी राहिली’ असं रोज सांगणाऱ्याला कदाचित वाचताच येत नसेल. ‘जेवून आलोय’ म्हणणाऱ्याच्या घरी सकाळी चूल पेटलीच नसेल. एखाद्या मोठ्या माणसानं ‘कुणाला सांगू नको’ म्हणून दटावल्यानंही लेकरू काहीतरी लपवत असेल. तसा संशय आला, तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरावर फोन करता येतो. अशा वेळी गोष्ट पुरत नाही, मोठ्यांनी काम करावं लागतं.

तर पुढच्या बैठकीला हिशोबाच्या वह्या मिटल्या, की एकीनं ही मडक्याची गोष्ट सांगून बघा आणि मांडीवरच्या, पदराआडच्या पोरांना विचारा, मांजराला कसं वाटलं असेल? काय उत्तरं येतात ती रेडिओवर कळवा.